‘सर्वाधिक चढाची दिशा’ : एका वाक्याबद्दलची तक्रार

‘ग्रेडियंट म्हणजे सर्वाधिक चढाची दिशा.’ बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापासून हे वाक्य आपल्यासोबत असतं. नेटच्या तयारीत आपण ते पाठ करतो, आणि पीएचडीच्या मुलाखतीत विचारलं की लगेच म्हणून दाखवतो. वाक्य चूक नाही. माझी तक्रार ते ज्या पद्धतीने शिकवलं जातं त्याबद्दल आहे. बहुतेक पुस्तकांत क्रम ठरलेला असतो: आधी पार्शल डेरिव्हेटिव्ह, मग त्यांची जोडी करून ग्रेडियंट, मग डायरेक्शनल डेरिव्हेटिव्हचं सूत्र, मग सर्वाधिक चढ, आणि शेवटी उरलंसुरलं म्हणून टॅन्जंट प्लेन. माझ्या मते हा क्रम उलटा आहे, आणि त्या उलटेपणामुळे वाक्याच्या अटी झाकल्या जातात.

आधी सोपा घोटाळा बघू. एका ज्युनियरला मी विचारलं, ‘पृष्ठभागावर ग्रेडियंट कुठे रोखलेला असतो?’ उत्तर आलं, ‘पृष्ठभागाला लंब.’ मग विचारलं, ‘आणि सर्वाधिक चढाची दिशा?’ ‘तीच, ग्रेडियंटची.’ म्हणजे डोंगर चढायचा तर उतारापासून काटकोनात, हवेत उडी मारायची! तो बिचारा हसला, पण दोन्ही वाक्यं त्याच्या पुस्तकात, एकाच प्रकरणात, चार पानांच्या अंतराने होती. मलाही पहिल्या वर्षी हा प्रश्न पडला नव्हता, हे कबूल करतो.

एक ठरावीक डोंगर घेऊ: `f(x,y) = 9 − x² − 2y²`. शिखर `(0,0)` वर, उंची ९. आपण `(1,1)` वर उभे आहोत, उंची ६. इथे `∇f = (−2, −4)`. हा व्हेक्टर दोन घटकांचा आहे, तो डोंगरावर नसून नकाशावर राहतो. समोच्च रेषांचा नकाशा जमिनीवर पसरलाय असं समजा. त्या नकाशावर ग्रेडियंट समोच्च रेषेला लंब असतो आणि कुठल्या दिशेला पाऊल टाकायचं ते सांगतो. त्याची लांबी `√20`, म्हणजे सुमारे ४.४७. हा त्या दिशेचा चढ: नकाशावर एक एकक सरकलो तर (अगदी लहान पावलांच्या हिशोबाने) ४.४७ एकक वर.

लंब असतो तो दुसरा ग्रेडियंट. `F(x,y,z) = z − f(x,y)` घेतलं तर आपल्या बिंदूपाशी `∇F = (2, 4, 1)`, आणि हा तीन घटकांचा व्हेक्टर पृष्ठभागाला खरंच लंब आहे. टॅन्जंट प्लेन यातूनच येतं: `z = 6 − 2(x−1) − 4(y−1)`. आता डोंगरावरची प्रत्यक्ष चढाची दिशा काढू. नकाशावर `(−1, −2)` सरकलो तर प्लेनवर उंची `2 + 8 = 10` ने वाढते, म्हणून डोंगरावरचा व्हेक्टर `(−1, −2, 10)`. त्याचा `(2, 4, 1)` शी डॉट प्रॉडक्ट शून्य येतो. म्हणजे चढाची दिशा प्लेनमध्येच आहे, लंब नाही. एकाच नावाच्या दोन वस्तू, एक नकाशात आणि एक अवकाशात. पुस्तकाने दोघांना एकाच पानावर, एकाच उदाहरणात समोरासमोर उभं केलं असतं तर काम झालं असतं.

आता माझी मुख्य तक्रार. सर्वाधिक चढाची सिद्धता पुस्तकात दीड ओळीची असते: `D_u f = ∇f · u = |∇f| cos θ`, आणि `cos θ` सर्वांत मोठा `θ = 0` असताना, झालं. पण पहिलं बरोबरीचं चिन्ह फुकट मिळत नाही. डायरेक्शनल डेरिव्हेटिव्हची व्याख्या लिमिटची आहे: `u` दिशेला `t` इतकं सरका, उंचीतला फरक `t` ने भागा, `t` शून्याकडे न्या. या व्याख्येत ग्रेडियंट कुठेही नाही. ती लिमिट `∇f · u` इतकीच येते याची हमी तेव्हाच मिळते जेव्हा फंक्शन त्या बिंदूपाशी डिफरन्शिएबल असतं, म्हणजेच तिथे खरोखरीचं टॅन्जंट प्लेन असतं. अनेक पुस्तकं ही अट ‘फंक्शन चांगलं आहे असे मानू’ अशा अर्धवट वाक्यात उरकतात, आणि काही तर सूत्रच व्याख्या म्हणून देतात. व्याख्या म्हणून दिलं की प्रश्न विचारायची जागाच संपते.

अट मोडली तर काय होतं ते करून बघा. `f(x,y) = x²y/(x²+y²)`, आणि `f(0,0) = 0`. हे ओरिजिनपाशी कंटिन्युअस आहे, कारण `|f|` कधीच `|y|` पेक्षा मोठं होत नाही. `u = (a, b)` हा युनिट व्हेक्टर घेतला तर `f(ta, tb) = t·a²b`, म्हणून `D_u f = a²b`. सगळ्या दिशांना डेरिव्हेटिव्ह आहे, कुठेही अडचण नाही. आता `a = 1, b = 0` ठेवा, शून्य. `a = 0, b = 1` ठेवा, पुन्हा शून्य. दोन्ही पार्शल शून्य, म्हणजे `∇f = (0,0)`, आणि पुस्तकी सूत्र सांगतं की इथे सपाट आहे, कुठेच चढ नाही. पण `a²b` ची कमाल किंमत शून्य नाही. `a² = 1 − b²` घालून `b − b³` चं डेरिव्हेटिव्ह शून्य केलं की `b = 1/√3` मिळतं, आणि चढ `2/(3√3)`, सुमारे ०.३८५. तोही एका दिशेला नाही, दोन दिशांना: X-अक्षापासून सुमारे ३५.३ अंशांवर, आणि Y-अक्षापलीकडे त्याच्या आरशातल्या प्रतिमेवर. सर्वाधिक चढाच्या दोन दिशा! ज्याने फक्त वाक्य पाठ केलंय त्याला हे अशक्य वाटेल.

‘ग्रेडियंट शून्य आहे म्हणून असं झालं’ असं म्हणायलाही वाव नाही. याच फंक्शनमध्ये `y/10` मिळवा. आता ग्रेडियंट `(0, 0.1)`, नाकासमोर उत्तरेला, चढ ०.१. पण त्या ३५.३ अंशांच्या दिशेला चढ सुमारे ०.४४ आहे, चारपटीहून जास्त. ग्रेडियंट चक्क चुकीच्या दिशेला बोट दाखवतोय.

हे ओळखायचं कसं? पहिली चाचणी पटकन होते. टॅन्जंट प्लेन असेल तर `D_u f` हे `a` आणि `b` मध्ये लिनियर यायला हवं, `pa + qb` अशा रूपाचं. `a²b` तसं नाही, म्हणजे प्लेन नाही, पुढे जायची गरज नाही. पण चाचणी पास झाली म्हणून निश्चिंत होऊ नका. `x³y/(x⁴+y²)` घ्या, ओरिजिनवर शून्य ठेवून. प्रत्येक दिशेला `D_u f = 0` येतं, याहून लिनियर काय असणार! तरीही `y = x²` या वाटेवर उंची `x/2` आहे, म्हणजे त्या वक्र वाटेने उजवीकडे निघालात तर सुरुवातीपासून अर्ध्याचा चढ लागतो. सरळ रेषांनी केलेली तपासणी वाकड्या वाटेला हुकते. म्हणून खरी तपासणी प्लेनचीच: फंक्शन आणि संभाव्य प्लेन यांतला फरक `√(h²+k²)` ने भागायचा आणि तो सर्व वाटांनी शून्याकडे जातो का पाहायचं. दोन्ही पार्शल बिंदूच्या आसपास असतील आणि बिंदूपाशी कंटिन्युअस असतील तर ही मेहनत वाचते. आपल्या पहिल्या उदाहरणात `f_x = 2xy³/(x²+y²)²`, ते `x = y` रेषेवर नेहमी १/२ आणि ओरिजिनवर ०. तिथेच मेख आहे.

म्हणून क्रम उलटा हवा असं मी म्हणतो: आधी प्लेन, मग त्याच्या उतारातून ग्रेडियंट. स्पिव्हॅकच्या ‘कॅल्क्युलस ऑन मॅनिफोल्ड्स’मध्ये (१९६५) डेरिव्हेटिव्ह सुरुवातीलाच लिनियर मॅप म्हणून येतो, आणि पार्शल नंतर. अपोस्टॉल डायरेक्शनल डेरिव्हेटिव्ह आधी घेतो, पण सगळे असूनही फंक्शन कंटिन्युअस नसल्याचं उदाहरण लगेच समोर ठेवतो. दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत. पहिल्यांदा शिकणाऱ्याला स्पिव्हॅक कोरडा वाटतो हे खरं, पण संशोधनाच्या तयारीत त्याचं ते प्रकरण एकदा तरी हाताने सोडवा.

शेवटची गोष्ट त्या ‘युनिट व्हेक्टर’ची. पुन्हा आपल्या डोंगरावर `(1,1)` वर या. ग्रेडियंट `(−1, −2)` च्या दिशेला आहे, शिखर `(−1, −1)` च्या दिशेला. म्हणजे सर्वाधिक चढ शिखराकडे नेत नाही, निदान सरळ तरी नाही: शिखराकडे चढ `6/√2`, सुमारे ४.२४, आणि ग्रेडियंटकडे ४.४७. प्रत्येक क्षणी ग्रेडियंट पकडून चाललात तर `dy/dx = 2y/x`, आणि वाट निघते `y = x²`. आता फक्त एकक बदला, `Y = √2·y`. त्याच डोंगराचं सूत्र होतं `9 − x² − Y²`, आणि नव्या नकाशावर ग्रेडियंट थेट शिखराकडे! डोंगर तोच, प्लेन तेच. शिखराकडच्या पावलाने (जुन्या भाषेत `(−1, −1)`, नव्या भाषेत `(−1, −√2)`) प्लेनवर उंची दोन्हीकडे ६ नेच वाढते. बदललं ते ‘एक एकक पाऊल’ कशाला म्हणायचं एवढंच.

खऱ्या डोंगरावर वाद नाही, दोन्ही अक्ष मीटरमध्ये आहेत आणि टेप एकच आहे. पण तुमच्या प्रश्नात `x` तापमान असेल आणि `y` दाब, तर दोघांना एकत्र मोजणारी टेप कुठून आणणार? तिथे ‘सर्वाधिक चढ’ तुम्ही निवडलेल्या मापावर अवलंबून असतो. ग्रेडियंट डिसेंट चालवताना डेटा स्केल केला की वाट बदलते, ती याच कारणाने. पुस्तकात मात्र `|u| = 1` ही अट कंसात असते, आणि ते अंतर कुठल्या मापाने, हे शेजारी लिहिलेलं मला अजून तरी क्वचितच सापडलंय.