पेरिक्लीसचे शिरस्त्राण उतरविताना

ब्रिटिश म्युझियममधील पेरिक्लीसच्या अर्धपुतळ्यावर कोरिंथी शिरस्त्राण मागे सारलेले आहे. छायाचित्रातून ते पुसून उघडे मस्तक रंगविणारे बहुधा शिरस्त्राणाची बाह्यरेषाच केसांची रेषा मानतात. वस्तुतः घुमट टाळूपासून बराच वर राहतो. ती सारी जागा केसांनी भरली की मस्तक फुगते. वरचा भाग पार्श्वभूमीलाच परत द्यावा लागतो. केसांचे वळण कानशिलांवरील कुरळ्या बटांवरून घ्यावे, आणि कडेची छाया कपाळावरून काढावी. अन्यथा शिरस्त्राण जाते व त्याची सावली तेवढी उरते.

येथवर हे कसबाचे काम झाले. परंतु प्लूटार्क सांगतो, की पेरिक्लीसचे डोके बेढब लांबट होते, म्हणूनच शिल्पकारांनी ते झाकले. अथेन्सचे विनोदी कवी तर त्याला रानकांद्याच्या डोक्याचा म्हणत. मग प्रमाणबद्ध टाळू पटेल खरी, पण या साक्षीच्या विरुद्ध जाईल. उलट, शिरस्त्राण हे केवळ सेनापतिपदाचे चिन्ह मानणाऱ्यांना लांबट डोके ही दंतकथाच वाटते. पुतळा स्वतः यावर मूक आहे. तेव्हा दगडातले कपाळ कोठे संपते आणि चित्रकाराचे कोठे सुरू होते, ती रेषा अशा चित्रावर दाखविलीच पाहिजे.