उपास सोडणं आणि उपास मोडणं

राजुऱ्याच्या जिममध्ये मी नवा होतो तेव्हा एका जुन्या मेंबरनं माझ्या पोटाकडे बघून विचारलं, "का बे, बल्किंग सुरू हाय का?" मी खरंच बल्किंग करत होतो, त्यामुळे "हो" म्हणालो. सगळे हसले. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता, पण शब्दाचा दुसरा अर्थ मला तिथेच कळला.

बल्किंग म्हणजे स्नायू वाढावेत म्हणून ठरवून गरजेपेक्षा थोडं जास्त खाणं. 'थोडं' म्हणजे दिवसाला साधारण 300 कॅलरी, दोन-तीन पोळ्यांइतकं. नवशिका हा शब्द ऐकतो आणि हिशेब सोडतो. मी तीन महिन्यांत 9 किलो वाढलो. बेंच प्रेसचं वजन सुरुवातीला भराभर चढलं, मग अडलं. पट्ट्याची भोकं मात्र सरकतच राहिली. अशी कंबर वजनापुढे पळू लागली की बल्किंग संपून आपण नुसते 'सुटलेले' असतो. आपल्याकडे 'सुटलास' म्हणतात ते तोंडावर. जिमची भाषा तेच सन्मानानं म्हणते, आणि सन्मान हीच तिची चेष्टा.

'गेन्स'चंही तसंच. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था हालचाल शिकते म्हणून. दंड फारसा बदललेला नसतो. तरी पोरगा आरशासमोर बाही वर करतो आणि मागून कुणीतरी म्हणतं, "भाऊचे गेन्स पाहा!" मराठीत अन्न 'अंगी लागतं'. त्यात कर्ता अन्न आहे, आपण नाही. गेन्स मात्र 'माझे' असतात, म्हणून त्यांची टर उडवता येते.

मला सगळ्यात आवडतो तो 'चीट डे'. हा शब्द फसवणूक कबूल करतो आणि तिला वारही नेमून देतो. आपण उपास 'सोडतो' किंवा 'मोडतो'. सोडणं रीतसर, मोडणं म्हणजे चूक. चीट डे हे कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवलेलं मोडणं, त्यामुळे ते जवळजवळ सोडणंच होतं. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

फसतं कोण, ते बेरीज सांगते. सहा दिवस रोज 400 कॅलरी कमी खाल्ल्या, तर 2400 वाचल्या. रविवारी सकाळी तर्री पोहे, दुपारी मटण-भात, रात्री उरलेलं मटण आणि वर गोड, असं करत गरजेपेक्षा 2000 जास्त गेल्या. उरल्या 400, म्हणजे जेमतेम 50 ग्रॅम चरबी. सोमवारी काटा उलट दीड किलो जास्त दाखवतो. त्यात बहुतेक मीठ-भातानं धरून ठेवलेलं पाणी आणि पोटातलं अन्न असतं, ते दोन-तीन दिवसांत उतरतं. घाबरायचं कारण नसतं. पण काट्यावर उभा असताना मागून प्रश्न येतोच, "काय भाऊ, चीट डे होता का चीट हप्ता?"

आता नवी पोरं येतात. परवा एकाच्या पोटाकडे बघून मीच विचारलं, "बल्किंग का?" तो अगदी गंभीरपणे "हो" म्हणाला.