छेद कोणाचा?

आज तक्रार एका वाक्याबद्दल आहे. प्रबंधांत आणि वर्तमानपत्रांत ते सारखं भेटतं: 'ऑड्स रेशो तीन, म्हणजे धोका तिप्पट.' या 'म्हणजे'वर माझा आक्षेप आहे.

उदाहरण आपल्या शेजारचंच घेऊ. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. एचपीव्ही तपासणीच्या गटात 34,126 स्त्रिया होत्या, त्यांतल्या 34 या कर्करोगाने गेल्या. नेहमीच्याच उपचारव्यवस्थेतल्या 31,488 पैकी 64 गेल्या.

इथे आधी स्त्रिया ठरल्या आणि मग आठ वर्षं वाट पाहिली. समूह-अभ्यासातही असंच पुढे पाहत जातात, म्हणून जोखीम थेट काढता येते. दहा हजारांत साधारण दहा आणि वीस, म्हणजे सापेक्ष जोखीम 0.49. (संशोधकांनी काळ आणि गावगटांची रचना धरून दिलेला आकडा 0.52 आहे.) ऑड्स काढताना छेदात सगळ्या स्त्रिया नसतात, फक्त न गेलेल्या असतात: 34 ला 34,092 आणि 64 ला 31,424. गुणोत्तर पुन्हा 0.49. मृत्यू विरळ असल्याने दोन्ही छेद जवळजवळ सारखेच राहतात.

आता कल्पना करा, हाच अभ्यास कोणी उलट्या दिशेने केला. गेलेल्या 98 जणींची नोंद घेतली आणि उरलेल्यांतून 98 जणी चिठ्ठ्या टाकून निवडल्या. प्रमाणाप्रमाणे त्यांत 51 तपासणी गटातल्या येतील, 47 दुसऱ्या. हा झाला केस-कंट्रोल अभ्यास. इथे कोणी 34 ला 85 ने भागून 'चाळीस टक्के दगावल्या' म्हणालं, तर? दहा हजारांत दहाचे शंभरांत चाळीस झाले! दुसऱ्या गटात 111 पैकी 64, आणि 'सापेक्ष जोखीम' 0.69. कंट्रोल चौपट घ्या, ती 0.56 होईल. बघा, रोग तोच, स्त्रिया त्याच, पण उत्तर संशोधकाच्या मर्जीवर बदलतंय. ऑड्स रेशो मात्र दोन्ही वेळा 0.49 च राहतो, कारण कंट्रोल वाढवले तरी त्यांच्यातलं 51 ला 47 हे प्रमाण बदलत नाही. म्हणून केस-कंट्रोलमध्ये तोच काढायचा.

मग 'म्हणजे' चुकतं कुठे? घटना नेहमीची असते तिथे. समजा एका गटात शंभरात 60 जणांना त्रास झाला, दुसऱ्यात 80 जणांना. सापेक्ष जोखीम 0.75, म्हणजे धोका पावपट कमी. ऑड्स दीड आणि चार, त्यांचं गुणोत्तर 0.375. हे 'धोका 62 टक्के घटला' असं छापलं, तर वाचक फसला.

तेव्हा 'किती पट' विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा: छेदात कोण आहे, आणि घटना किती विरळ आहे? पहिल्याचं उत्तर नसेल तर जोखीम काढूच नका. दुसऱ्याचं नसेल तर ऑड्सला ऑड्सच म्हणा, धोका म्हणू नका.