उसना कोमल गंधार

मेजर म्हणजे आनंदी आणि मायनर म्हणजे दुःखी, हे इंटरनेटवर शिकलेलं सूत्र मी बरीच वर्षं धरून होतो. उमरग्याला घरून काम करताना दोन मीटिंगांच्या मधे आजोबांच्या भजनाच्या पेटीवर शूबर्टची गाणी वाजवून बघायला लागलो, आणि ते मोडलं.

‘गुटे नाख्ट’ हे ‘विंटरराइझ’ या १८२७च्या गीतमालेतलं पहिलं गाणं. प्रेम फिसकटलेला तरुण रात्री गाव सोडून निघालाय. मूळ पट्टी डी मायनर. पेटीवर पांढरी दोन सा धरा, म्हणजे कोमल गंधार पांढरी चारवर येतो. तीन कडवी अशीच चालतात. चौथ्या कडव्यात बोट शेजारच्या काळी तीनवर, शुद्ध गंधारावर सरकतं. धैवत-निषादही शुद्ध होतात. सा मात्र तिथेच.

शब्द काय आहेत? तुझी झोपमोड करणार नाही, जाताना दारावर फक्त शुभरात्री लिहून जाईन. म्हणजे आनंद कुठेच नाही. शुद्ध गंधार इथे तिच्या झोपेइतकाच मऊ आहे, आणि म्हणूनच जास्त लागतो. शेवटची ओळ पुन्हा येते तेव्हा कोमल गंधारही परत येतो.

एकच सा असलेल्या मेजर आणि मायनरनी एकमेकांचे स्वर वापरणं म्हणजे मोडल मिक्स्चर. त्या स्वरांतून बनलेली कॉर्ड ती बॉरोड कॉर्ड. शेजारच्या घरून वाटीभर साखर उसनी आणावी तसं.

पण उसनं कुठवर? १८२५ साली छापलेलं ‘नाख्ट उंड ट्रॉयमं’ बघा. पट्टी बी मेजर, म्हणजे पांढरी सात सा. गाणं रात्रीचं आणि स्वप्नांचं. मधेच सगळं जी मेजरवर जातं. ही कॉर्ड आपल्या भाषेत कोमल ध, सा, कोमल ग. कोमल ध आणि कोमल ग दोन्ही बी मायनरकडून आलेले. जुना उरतो तो एकटा सा. म्हणूनच धक्का बसत नाही, फक्त उजेड बदलतो.

आधी मला वाटलं, हे राग जोगसारखंच, दोन्ही गंधार एकत्र. तसं नाही. जोगात दोन्ही गंधार रागाच्या घरचेच आहेत, आणि सा हलत नाही. शूबर्टचा जी मेजर मात्र बराच वेळ मुक्काम करतो. कोमल धैवतच नवा सा वाटू लागतो आणि जुना सा त्याचा शुद्ध गंधार होतो. इथे उसनवारी संपून पट्टीच बदललेली असते.

ओळखायचं कसं? त्या जागी गाणं थांबवा आणि मनात जो सा येईल तो गुणगुणा. जुनाच आला तर कॉर्ड उसनी. दुसरा आला तर घर बदललंय. ‘गुटे नाख्ट’मध्ये माझा सा कधीच हलला नाही. ‘नाख्ट उंड ट्रॉयमं’मध्ये तो हलतो, आणि गाणं बी मेजरला परतलं तरी मी क्षणभर मागेच राहतो.