पाटी आधी, नाक मागाहून

मेणाच्या पुतळ्यासमोर उभा राहिलेला मराठी माणूस दोनच वाक्यं बोलतो. पहिलं, ‘अगदी हुबेहूब!’ आणि दुसरं, ‘पण हा कोण?’ या क्रमाने ती बोलली जातात, यातच या कलेच्या समीक्षेची सगळी अडचण आहे. कोण आहे हे ठाऊक नसताना हुबेहूब आहे हे कशावरून ठरलं, असं विचारलं की माणूस पुढच्या पुतळ्याकडे सरकतो.

आमच्या कडावातून कर्जत गाठायचं आणि घाट चढणाऱ्या गाडीत बसायचं, की थोड्या वेळात लोणावळा. तिथली मेणाची माणसं बघून आलेल्या मंडळींची घरोघर चर्चा होते, आणि ती नेहमी नाकावरून होते. ‘नाक जमलंय, पण डोळे नाही जमले’ असं एक वहिनी म्हणतात. ज्यांच्या डोळ्यांबद्दल हे चाललेलं असतं, त्यांना वहिनींनी जन्मात प्रत्यक्ष पाहिलेलं नसतं. पाहिलेला असतो तो त्यांचा फोटो, तोही वाण्याकडच्या कॅलेंडरवर. म्हणजे वहिनी माणसाशी ताडून पाहत नाहीत, कॅलेंडराशी पाहतात.

कारागिराचा यात दोष नाही. माणूस समोर बसायला तयार असला तर त्याची 200च्या वर मापं घेतात, मातीत डोकं घडवतात, साचा काढून मेण ओततात आणि केस एकेक करून टोचतात. मेण थंड होताना आकसतं, म्हणून घडण जरा मोठी धरावी लागते. इतकं करूनही एक गोष्ट साच्यात येत नाही, ती म्हणजे चेहऱ्याचं हलणं. आपण ओळखीचा माणूस ओळखतो तो भुवई कशी उडवतो, हसताना मान कुठे कलते, यावरून. पुतळ्याला एकच क्षण मिळतो, आणि त्या क्षणाचा चेहरा त्या माणसाच्या धाकट्या भावासारखाही दिसू शकतो.

इथे साम्याची खरी गोम आहे. साम्य दोन्हीकडून चालतं. पुतळा माणसासारखा दिसतो, तसा माणूसही पुतळ्यासारखा दिसतो. पण माणूस काही पुतळ्याची प्रतिमा होत नाही. जुळ्या भावांत तर मेणापेक्षा जास्त साम्य असतं, तरी थोरला हा धाकट्याचा पुतळा आहे असं कोणी म्हणत नाही (धाकट्याची बायको चिडली की म्हणते, पण तो अर्थ वेगळा). मेणाचा एक पुतळा तर कुठल्याही जिवंत माणसापेक्षा शेजारच्या मेणाच्या पुतळ्यासारखाच जास्त दिसतो. तेव्हा ‘हा कोणाचा?’ या प्रश्नाचं उत्तर साम्यातून निघत नाही. ते कोणीतरी ठरवून द्यावं लागतं, आणि ते ठरवलेलं ज्यावर लिहितात तिला पाटी म्हणतात.

उदाहरण घ्या. 1982च्या ‘गांधी’ चित्रपटात बेन किंग्जले यांनी गांधीजी केले. समजा उद्या कोणी धोतर, काठी, गोल चष्मा असा एक मेणाचा पुतळा उभा केला. तो गांधीजींचा, की गांधीजींच्या वेषातल्या किंग्जलेंचा? मापं घेऊन हे सुटणार नाही, कारण नटाने सारी मेहनत घेतली ती हा फरक मिटवण्यासाठीच. शेजारी चरखा आणि साबरमतीचा देखावा असेल तर एक उत्तर, कॅमेरा आणि दिग्दर्शकाची खुर्ची असेल तर दुसरं. मेण तेच, माणूस वेगळा.

देवांच्या बाबतीत हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. कडावचा बाल दिगंबर गणपती प्रसिद्ध आहे. त्याच्यासमोर उभं राहून ‘चेहरा जमलाय का हो?’ असं आजवर कोणी विचारलेलं नाही. सोंड आहे, देऊळ गणपतीचं आहे, संपलं. हीच समजूत मेणाच्या नेत्यासमोर मात्र आपण दारात चपलांबरोबर ठेवून आत जातो.

मग पाटी वाचली की झालं का? नाही. पाटीही चुकीची असू शकते. एका इब्राहिमखानाचं चित्र मराठी घरांत कित्येक वर्षं शिवाजीमहाराजांचं म्हणून मानलं जात होतं. वा. सी. बेंद्रे यांनी 1933 साली जुन्या डच कागदपत्रांच्या आधाराने महाराजांचं खरं चित्र पुढे आणलं, तेव्हा तो घोळ निस्तरला. मौज अशी, की तोवर पाहणाऱ्यांना त्या खानसाहेबांच्या चेहऱ्यावर महाराजांचं तेज दिसतच होतं. नाव सांगितलं की साम्य आपोआप दिसू लागतं. म्हणून पाटी खरी की खोटी, याचा साक्षीदार चेहरा होऊ शकत नाही. त्याला कागद लागतो.

आणि पाटी खरी, चेहराही खरा, तरी पुतळा खोटं बोलू शकतो. याचा नमुना लंडनच्या तुसाँ बाईंच्या प्रदर्शनात घडला. 1893 साली स्कॉटलंडात आल्फ्रेड जॉन मॉन्सन या गृहस्थावर सेसिल हँब्रो या तरुणाच्या खुनाचा खटला चालला. निकाल लागला ‘सिद्ध झालं नाही’, आणि मॉन्सन सुटला. प्रदर्शनवाल्यांनी लगोलग त्याचा मेणाचा पुतळा उभा केला, जवळ बंदूक ठेवली, आणि पाटीवर फक्त त्याचं नाव लिहिलं. नाव बरोबर होतं. पण पुतळा ठेवला कुठे? कुप्रसिद्ध गुन्हेगारांचं जे ‘भीषण दालन’ होतं, त्याच्या लगतच्या खोलीत. त्या खोलीत नेपोलियन होता हे खरं, पण खुनाबद्दल शिक्षा झालेल्या मेब्रिकबाईही होत्या. आणि खास भीषण दालनात त्याच आर्डलामाँट प्रकरणाचा, ‘शोकांतिकेची जागा’ म्हणून, देखावा मांडलेला होता.

मॉन्सन कोर्टात गेला. 1894 साली वरिष्ठ न्यायाधीशांनी पुतळा हलवण्याचा तातडीचा हुकूम दिला नाही. पण बेअब्रू काही फक्त शब्दांनीच होते असं नाही, पुतळ्यानेही होऊ शकते, हे तत्त्व त्या खटल्याने पक्कं केलं. पुढच्या वर्षी ज्युरीने निकाल मॉन्सनच्या बाजूने दिला आणि भरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. त्याची अब्रू गेली हे त्यांना मान्य होतं. तिची किंमत काय, याबद्दलही त्यांचं मत ठाम होतं. बघा, यात ‘खुनी’ हा शब्द कुठेही लिहिलेला नव्हता. तो शेजाऱ्यांनी म्हटला, बंदुकीने म्हटला, खोलीने म्हटला. नाक बिचारं गप्प होतं.

म्हणून मेणाचा पुतळा पाहताना क्रम उलटा ठेवावा. आधी पाटी वाचावी, आणि ती याच पुतळ्याची आहे ना हे बघावं. दोन पुतळ्यांच्या मधोमध लावलेली पाटी दोघांची असते आणि कोणाचीच नसते. साफसफाईत पुतळे हलतात, पाट्या भिंतीवरच राहतात, हेही ध्यानात असावं. मग कपडे, हातातली वस्तू आणि शेजारी बघावेत. पाटी एक सांगते आणि हातातली वस्तू दुसरंच, असं दिसलं तर कोणीतरी काहीतरी हलवलंय असं खुशाल समजावं. हे सगळं जुळलं, की सर्वांत शेवटी नाकाकडे वळावं, आणि मग हवं तेवढं ‘हुबेहूब’ म्हणावं. तेव्हा त्या शब्दाला काही अर्थ असतो. आधी म्हटलं, तर ते मेणाबद्दलचं मत नसतं; तिकिटाचे पैसे वसूल झाल्याचा उद्गार असतो.