मलातुय म्हणजे कोणता रंग?

ब्रेंट बर्लिन व पॉल के यांचा 'बेसिक कलर टर्म्स' हा ग्रंथ १९६९ साली निघाला. प्रत्येक भाषा रंगांचा पट्टा आपल्या मर्जीप्रमाणे कापते, हे तोवरचे प्रतिष्ठित मत त्याने मोडून काढले. लेखकांनी वीस भाषांच्या भाषिकांपुढे मन्सेल पद्धतीच्या ३२९ रंगचकत्या ठेवल्या आणि प्रत्येक रंगनामाची व्याप्ती कोठवर, त्याचा उत्तम नमुना कोणता, हे विचारले. व्याप्तीच्या सीमा डळमळीत निघाल्या; उत्तम नमुने मात्र भाषा कोणतीही असो, जवळपास त्याच चकत्यांवर येऊन पडले. त्यावरून त्यांनी अकरा मूलभूत रंगवर्ग मानले. शिवाय भाषेत ते ठराविक क्रमाने येतात, असेही प्रतिपादिले : आधी काळा-पांढरा, मग तांबडा, मग हिरवा वा पिवळा, त्यानंतर निळा, आणि पुढे इतर.

या मांडणीचा मोह पडावा इतकी ती नेटकी आहे. परंतु ती उभी कशावर आहे, हे पाहिले पाहिजे. बहुतेक भाषिक सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहणारे, म्हणजे इंग्रजीच्या सहवासातले होते. कित्येक भाषांची साक्ष तर एकाच व्यक्तीने दिलेली आहे. दोन भाषांच्या उंबरठ्यावर पिढ्या काढलेल्या आपल्यासारख्यांना यातील धोका समजावून सांगण्याची गरज नाही. उरलेल्या ७८ भाषांची माहिती त्यांनी छापील साधनांतून घेतली, आणि आमचा खरा आक्षेप तेथेच सुरू होतो.

त्या ७८ भाषांत फिलिपाइन्सच्या मिंदोरो बेटावरील हानुनो ही एक आहे. हॅरल्ड कॉंक्लिन यांनी १९५५ साली तिच्यावर एक छोटेखानी निबंध लिहिला होता. हानुनोत चार मुख्य शब्द आहेत : मबिरु, मलागती, मरारा आणि मलातुय. चकत्यांच्या हिशेबाने त्यांचे अर्थ स्थूलमानाने काळा, पांढरा, तांबडा व हिरवा असे लागतात आणि मग हानुनो चार रंगांची भाषा म्हणून तक्त्यात सहज बसते. कॉंक्लिन यांनी मात्र आणखी एक गोष्ट नोंदविली होती. नुकत्याच तोडलेल्या बांबूचा ओला, चकचकीत तुकडा तपकिरी असला तरी हानुनो माणूस त्याला मरारा म्हणत नाही, मलातुय म्हणतो. मलातुयमध्ये ओलावा, ताजेपणा, रसरशीतपणा आहे. मरारामध्ये सुकलेपण आहे. रानावर उपजीविका करणाऱ्यांना झाडाची फांदी ओली की वाळलेली, हा भेद रंगछटेइतकाच मोलाचा वाटला तर नवल नाही.

आता हा ओलावा चकतीवर कोठून दिसणार? चकत्या सगळ्या कोरड्या, सारख्या आकाराच्या, सारख्या पोताच्या. ज्या साधनात रंगाखेरीज दुसरे काही नाही, त्या साधनाने विचारलेल्या प्रश्नाला रंगाखेरीज दुसरे उत्तर मिळणे शक्यच नव्हते. मराठीतही गोरा, सावळा हे शब्द बहुधा माणसाच्या कांतीसाठीच राखलेले आहेत. विशिष्ट वस्तुवर्गापुरता मर्यादित शब्द मूलभूत नव्हे, या लेखकांच्या कसोटीने ते बाद होतात. कसोटी सोयीची आहे, हे मान्य. तिच्यामुळे भाषेचा एक जिवंत भाग वजा होतो, एवढेच आमचे म्हणणे.

तरीही आक्षेपकांचीच बाजू सर्वस्वी खरी, असे आम्ही म्हणणार नाही. चकत्या नसत्या तर भाषांची तुलनाच झाली नसती. शिवाय के व सहकाऱ्यांनी टीका मनावर घेऊन १९७६ पासून लिपी नसलेल्या ११० भाषांची पाहणी केली, तीही भाषिकांच्या गावी जाऊन. त्या सामग्रीवर के आणि टेरी रेगियर यांनी २००३ साली दाखविले, की निरनिराळ्या भाषांतील रंगवर्गांचे मध्य योगायोगाने जुळावेत त्याहून कितीतरी अधिक जुळतात. विकासक्रमाचा मूळ काटेकोरपणा पुढे त्यांनीच सैल केला. हा एकवटण्याचा कल मात्र टिकला आहे. डोळा सर्वांचा एकच, हे नाकारून चालणार नाही.

मग भाषेच्या हाती काय उरते? २००७ साली प्रसिद्ध झालेला रशियन भाषिकांवरील प्रयोग याविषयी बोलका आहे. रशियनमध्ये गडद निळ्याला 'सीनी' व फिक्याला 'गलुबोय' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. दोन निळ्या छटा या दोन शब्दांत विभागल्या गेल्या, तर रशियन माणसाला त्यांतील भेद लवकर ओळखता येतो. इंग्रजी भाषिकाला असा लाभ होत नाही. पण त्याच वेळी त्या रशियनाला मनात आकडे घोकायला लावले, की हा लाभ नाहीसा होतो. जागेचा आकृतिबंध लक्षात ठेवायला सांगितला, तर तो तसाच राहतो. म्हणजे शब्दाने डोळा घडविलेला नाही. पाहण्याच्या क्षणी शब्द मनातल्या मनात मदतीला येतो, आणि जीभ अन्यत्र गुंतली की येत नाही.

आपल्याकडे 'तांबडा' आणि 'लाल' हे दोन्ही शब्द नांदतात. पहाटेला तांबडे फुटते, ते लाल फुटत नाही. घरी मराठी व बाहेर हिंदी किंवा गुजराती बोलणाऱ्या कुटुंबांत यांपैकी कोणता शब्द मनात आधी उमटतो, आणि उत्तम नमुना म्हणून आजी आणि नात एकाच चकतीवर बोट ठेवतात का, हे पाहण्यासाठी मात्र बर्लिन-के यांच्या त्या कोरड्या चकत्याच उपयोगी पडतील.