कोपऱ्यातील घागर

आमच्याकडे एकाच लघुकथेची दोन हस्तलिखिते आली आहेत. लेखिका बुलढाणा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकणारी विद्यार्थिनी असून, तिच्या इच्छेवरून आम्ही तिचे नाव येथे देत नाही. पहिले हस्तलिखित अकरा पानांचे आहे. ते तिने एका कथास्पर्धेस पाठविले होते. 'भाषा चांगली आहे, पण कथेत काही घडत नाही,' असा शेरा मारून परीक्षकांनी ते परत केले. तेव्हा तिने शेवटी तीन पाने जोडली आणि कथेत काही घडविले. आता तिचा प्रश्न असा की, छापावयास कोणती प्रत द्यावी? प्रश्न एकट्या तिचा असता तर आम्ही खासगी पत्राने उत्तर दिले असते. परंतु 'काही घडत नाही' हा आक्षेप आपल्याकडे इतक्या सहजपणे घेतला जातो की, त्याचा विचार चारचौघांत होणे बरे.

प्रथम कथा सांगतो. लोणार तालुक्यातील एका खेड्यातून आजी मेहकर, चिखली असा एस्टीचा प्रवास करून बुलढाण्यास मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये येते. फ्लॅट तीन खोल्यांचा आहे आणि सूनबाईने तो मोठ्या हौसेने सजविला आहे. बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे वळताना एक कोपरा लागतो. तेथे शिसवी तिवईवर पितळेची एक घागर मांडली आहे, घागरीत वाळलेल्या गवताचे रंगविलेले तुरे खोचले आहेत आणि वरून एक लहानसा दिवा तिच्यावर प्रकाश टाकतो. ही घागर आजीनेच मुलाच्या लग्नात दिलेली. सूनबाईने ती दुकानातून चकचकीत करवून वर रोगणाचा हात देवविला आहे. गळ्यावर टिंबाटिंबांनी कोरलेले आजीचे नाव भिंतीकडच्या बाजूस गेले आहे. आजी तीन दिवस राहते. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नसताना ती तुरे काढते, घागर चिंच आणि राख लावून घासते, तिवई हात पोहोचेल अशी हातभर पुढे ओढते, घागर भरून ठेवते आणि तिच्यावर ताटली झाकून ताटलीवर पेला उपडा घालते. तिसऱ्या दिवशी ती गावी परतते. सूनबाई तुरे हातात घेऊन त्या कोपऱ्यापुढे उभी राहते. पहिली प्रत येथे संपते.

यात काही घडत नाही काय? प्रा. ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधन' या १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कथालेखनाच्या तंत्राची जी मांडणी केली, तिने मराठी लेखकांच्या एका पिढीस रचनेचे भान दिले, हे त्यांचे ऋण नाकारता येणार नाही. परंतु त्या तंत्राची पाठ केलेली आवृत्ती हाती घेऊन बसणारा वाचक कथेत संघर्ष म्हणजे दोन माणसांचे भांडण आणि घटना म्हणजे अपघात असे धरून चालतो. या कथेत भांडण नाही. संघर्ष मात्र आहे, आणि तो एका वस्तूच्या उपयोगाविषयी आहे. सूनबाईला घागर पाहावयाची आहे. आजीला ती वापरावयाची आहे. एकाच वस्तूवर दोघींचाही न्याय्य हक्क आहे. आजीने ती दिली, सूनबाईने ती सांभाळली. सुनेने ही घागर मोडीत घातली असती, तर कथा सोपी झाली असती आणि वाचण्यासारखी राहिली नसती.

लेखिकेचे निरीक्षण पक्के आहे, याचा पुरावा तिने घासण्याच्या प्रसंगात दिला आहे. रोगण दिलेल्या पितळेवर चिंचेचा परिणाम होत नाही. आंबटपणा धातूपर्यंत पोहोचतच नाही. राखेने मात्र रोगण ठिकठिकाणी खरवडले जाते आणि भांडे कोठे लखलखीत, कोठे धुरकट असे डागाळते. सामान्य लेखकाने येथे 'घागर सोन्यासारखी झळकू लागली' असे लिहून आजीस विजयी केले असते. या मुलीने घागर डागाळलेली दाखविली आहे. आजीला हे डाग म्हणजे काय हे कळत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा घासते. सूनबाईला मात्र ते येताक्षणी कळते. रोगणाचे पैसे गेले, आणि ते तिने कशातून वाचविले होते, हे लेखिकेने आधी एका परिच्छेदात सांगून ठेवले आहे. आजीचे कृत्य प्रेमाचे आहे आणि नुकसानीचेही आहे. या दोन्ही गोष्टी एकाच डागावर वाचता येतात. आमच्या मते ही कथेतील घटना होय, आणि तीत काही कमी नाही.

दुसरी गोष्ट दृष्टिकोनाची. कथा तृतीय पुरुषी आहे, पण म्हातारीस सर्वत्र 'आजी' आणि तिच्या मुलास 'बाबा' म्हटले आहे. म्हणजे कथा त्या घरातील नऊ-दहा वर्षांच्या नातीच्या उंचीवरून दिसते, जरी नात फारशी बोलत नाही. यामुळे आजीच्या मनात काय आहे, हे सांगण्याचे संकट लेखिकेवर येत नाही. आजीचे हात दिसतात, तेवढे पुरते. गळ्यावरचे नावही वाचते ती नातच, अक्षर लावीत लावीत. आणि वाचून झाल्यावर 'हे कोण?' असे विचारते, कारण आजीचे नाव तिने कधी ऐकलेलेच नसते. या प्रश्नाला कथेत उत्तर नाही, हे लेखिकेचे शहाणपण. फक्त सातव्या पानावर 'तिच्या मुलाला वाटले' असे एक वाक्य घुसले आहे. तेथे नात नाहीशी होते आणि लेखिका पुढे येते. ते वाक्य काढावे.

आजीच्या तोंडी वऱ्हाडी बोली आहे, पण ती चवीपुरती. 'अठी', 'मले', 'काहून' असे शब्द येतात आणि वाक्य थोडक्यात संपते. उद्धव शेळके यांच्या १९६० च्या 'धग' या कादंबरीने वऱ्हाडी बोलीत दुःख किती खोलवर बोलता येते ते दाखविले. त्यानंतर पुष्कळांनी ती बोली हशा पिकविण्यापुरती वापरली. या मुलीने ते केलेले नाही, याचे आम्हांस समाधान वाटते.

या विषयाचे नाते ज्या दोन हिंदी कथांशी आहे, त्या मराठी वाचकांस परिचित असाव्यात. भीष्म साहनी यांच्या 'चीफ की दावत' मध्ये साहेब जेवावयास येणार म्हणून घरातील फालतू सामान कपाटांमागे आणि पलंगांखाली दडविले जाते, आणि मग मुलाच्या ध्यानात येते की, आईला कोठे दडवावयाचे हे ठरलेच नाही. सामान आणि आई एकाच यादीत येतात, यातच त्या कथेचा डंख आहे. उषा प्रियंवदा यांच्या १९६० च्या 'वापसी' त रेल्वेतून निवृत्त होऊन घरी आलेल्या गजाधरबाबूंची खाट पाहुण्याची असावी तशी बैठकीत खुर्च्या सरकवून टाकली जाते, पुढे ती पत्नीच्या कोठडीत लोणच्याच्या बरण्या आणि रजया यांच्यामध्ये जाते, आणि ते पुन्हा नोकरीवर निघून गेल्यावर पत्नी मुलाला सांगते की, ती खाट बाहेर काढ, चालावयासही जागा नाही. कथा तेथे संपते. खाटेचे तीन मुक्काम म्हणजेच कथा होय.

दोन्ही कथांत वृद्ध माणसास इतरांनी हलविले आहे. आमच्या विद्यार्थिनीच्या कथेत वृद्ध स्त्री स्वतः वस्तू हलविते, आणि म्हणूनच तिला निराळा शेवट हवा. 'वापसी' तील वाचकाचा कल गजाधरबाबूंकडे असला, तरी त्यांच्या गैरहजेरीत त्या घराने आपली घडी बसविली होती, हे लेखिका लपवीत नाही. तोच न्याय पहिल्या प्रतीत सूनबाईला मिळाला आहे. तुरे हातात घेऊन ती उभी आहे. घागर रिकामी करून तुरे पुन्हा खोचावे की नाही, हे तिचे तिने ठरवावयाचे आहे. आजी तर चिखलीच्या पुढे गेलेली आहे.

आता जोडलेल्या तीन पानांकडे वळू. आजी गेली त्या रात्री इमारतीचा पंप जळतो, नळ कोरडे पडतात, नातीला तहान लागते, आणि घरात पाणी असते ते फक्त घागरीत. मुलगा पेला भरतो, त्याचे डोळे भरून येतात, सून पदराने घागर पुसते. पाण्याची टंचाई घाटावरच्या तालुक्यांना नवी नाही, तेव्हा प्रसंग अशक्य नव्हे. पण तो नेमका त्याच रात्री का घडला? लेखिकेला गरज होती म्हणून. आणि गरज कसली? आजी बरोबर होती, असे सिद्ध करण्याची. सिद्ध होताक्षणी सूनबाई चूक ठरते आणि जो डाग दोन्ही बाजूंनी वाचता येत होता, तो एकाच बाजूने वाचावा लागतो. शिवाय आजीने घागर भरली ती पंप जळेल म्हणून नव्हे. तिने आयुष्यभर घागर भरूनच ठेवली म्हणून. सवयीला दूरदृष्टीचे नाव दिले की सवयीतील माणूस हरवतो. जी गोष्ट कथेच्या आरंभी नसून केवळ शेवटास उपयोगी पडते, ती वरून चिकटविलेली असते, हे ओळखण्याची साधी कसोटी अशी की, ती वगळून कथा वाचावी. येथे पंप वगळला तर मागील अकरा पानांतील एक शब्दही बदलावा लागत नाही.

तेव्हा पहिलीच प्रत छापावी. दुसऱ्या प्रतीतील एक गोष्ट मात्र तीत घ्यावी. पहिल्या प्रतीत आजी तुरे काढून नुसते खाली ठेवते. दुसऱ्या प्रतीत ती ते वर्तमानपत्रात नीट गुंडाळते, दोऱ्याने बांधते आणि सूनबाईच्या कपाटावर, मोडणार नाहीत असे, उभे करून ठेवते. परीक्षकांनी हे मागितले नव्हते. लिहिता लिहिता ते तिला सुचले असावे. सूनबाईने दोरा सोडून तुरे बाहेर काढले आहेत आणि वर्तमानपत्राची घडी तिच्या दुसऱ्या हातात आहे, एवढे शेवटच्या परिच्छेदात बदलले की पुरे.